ईस्टरची तारीख कशी काढायची? पौर्णिमा, संपात आणि १९ ची बाकी



भिंतीवरचं कॅलेंडर उलटताना मुलांच्या एक गोष्ट लवकर लक्षात येते. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, पण गुड फ्रायडेची सुट्टी कधी मार्चअखेर, तर कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला आणि २०२६ मध्ये ५ एप्रिलला. गुड फ्रायडे ईस्टरच्या दोन दिवस आधी, त्यामुळे तोही सोबतच सरकतो. "सर, ही तारीख ठरवतं कोण?" हा प्रश्न पाचवीपासून दहावीपर्यंत कुठल्याही वर्गात येऊ शकतो.

ही तारीख एका नियमाने ठरते आणि तो नियम वापरायला भागाकार, बाकी आणि बेरीज एवढंच लागतं. सहावी-सातवीच्या मुलाला वही-पेन घेऊन दहा मिनिटांत कोणत्याही वर्षाचा ईस्टर काढता येतो. शिवाय आपल्या पंचांगातला अधिक महिना का येतो, हेही याच गणितातून समजतं. म्हणून हा पाठ गणित आणि भूगोल अशा दोन्ही तासांना चालतो.

नियम काय आहे?

नियम एका वाक्यात असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर.

या वाक्यात तीन गोष्टी आहेत : सूर्याची (२१ मार्च, म्हणजे वसंतसंपात), चंद्राची (पौर्णिमा) आणि आठवड्याची (रविवार). वर्ष, महिना आणि आठवडा ही तिन्ही चक्रं एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून तारीख दरवर्षी हलते.

असा नियम का, हेही मुलांना थोडक्यात सांगावं. येशू ख्रिस्तांचं क्रूसावरचं मरण आणि पुनरुत्थान हे ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत घडलं, असं शुभवर्तमानात सांगितलं आहे. वल्हांडण हा वसंतातल्या पौर्णिमेचा सण. पुनरुत्थान झालं ते रविवारी. म्हणून पौर्णिमा आणि रविवार दोन्ही हवेत. इ. स. ३२५ मध्ये निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेने सगळ्या चर्चनी हा सण एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. आज वसईतली कॅथलिक चर्च आणि पुण्यात गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय यांचे पंथ वेगळे आहेत, पण ईस्टर एकाच दिवशी असतो. कारण दोघांचं गणित एकच.

पहिला भाग : सूर्य

वसंतसंपाताच्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, तो बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. आमच्या नांदे गावात (ता. मुळशी) हे शाळेच्या मैदानावर दाखवता येतं. एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीत उभी रोवायची आणि सकाळपासून तासातासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. इतर दिवशी खड्यांची रेषा वाकडी येते, पण २१ मार्चच्या सुमारास ती पूर्व-पश्चिम सरळ येते. दुपारी पाऊण वाजण्याच्या आसपास सावली सर्वांत आखूड, साधारण ३३ सेंटिमीटर भरते. मुलांना संपात समजायला एवढं पुरे. आपल्या राष्ट्रीय शक कॅलेंडरचा १ चैत्रही याच संपाताला धरून २२ मार्चला (लीप वर्षात २१ मार्चला) ठेवलेला आहे.

खरा संपात कधी २० मार्चला येतो, कधी २१ ला. पण चर्चने गणितासाठी २१ मार्च ही तारीख कायमची धरली आहे. आकाशात संपात २० ला झाला तरी हिशोब २१ पासूनच. हा मुद्दा पुढे २०१९ च्या उदाहरणात फार महत्त्वाचा ठरणार आहे.

दुसरा भाग : चंद्र

आता खरी गंमत. पौर्णिमा कधी आहे हे पंचांग न बघता कसं सांगायचं?

बारा चांद्रमहिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचं. फरक ११ दिवसांचा. म्हणून या वर्षीची पौर्णिमा पुढच्या वर्षी इंग्रजी तारखेप्रमाणे ११ दिवस आधी येते. आपण हे दरवर्षी अनुभवतो. गणपती एका वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर, तर पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला. दरवर्षी ११ दिवस मागे जाता जाता सण ऋतू सोडून भरकटतील म्हणून मधूनमधून अधिक महिना घालून ते पुन्हा जागेवर आणले जातात.

चर्च अगदी हेच करतं. पौर्णिमेच्या तारखेतून दरवर्षी ११ वजा करायचे. तारीख २१ मार्चच्या आधी गेली, तर ३० दिवस मिळवायचे, म्हणजे एक महिना पुढे ढकलायचा.

किती वर्षांनी हे चक्र फिरून पहिल्या जागी येतं? १९ वर्षांनी. १९ सौरवर्षांचे दिवस होतात सुमारे ६९३९.६ आणि २३५ चांद्रमहिन्यांचे सुमारे ६९३९.७. फरक जेमतेम दोन तासांचा. १९ वर्षांत साधे महिने १९ × १२ = २२८, मग २३५ व्हायला ७ महिने जास्त हवेत. आपल्याकडेही १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात, ते याच कारणाने. ग्रीसमध्ये मेटन नावाच्या ज्योतिर्विदाने इ. स. पूर्व ४३२ मध्ये हे चक्र मांडलं, म्हणून त्याला मेटनचं चक्र म्हणतात.

तेव्हा वर्षाला १९ ने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी ० ते १८ यांपैकी काहीतरी येईल. प्रत्येक बाकीला एक पौर्णिमा ठरलेली. १९०० ते २१९९ या तीनशे वर्षांसाठी हा तक्ता वर्गात फळ्यावर लिहून ठेवावा :

बाकी ० : १४ एप्रिल
बाकी १ : ३ एप्रिल
बाकी २ : २३ मार्च
बाकी ३ : ११ एप्रिल
बाकी ४ : ३१ मार्च
बाकी ५ : १८ एप्रिल
बाकी ६ : ८ एप्रिल
बाकी ७ : २८ मार्च
बाकी ८ : १६ एप्रिल
बाकी ९ : ५ एप्रिल
बाकी १० : २५ मार्च
बाकी ११ : १३ एप्रिल
बाकी १२ : २ एप्रिल
बाकी १३ : २२ मार्च
बाकी १४ : १० एप्रिल
बाकी १५ : ३० मार्च
बाकी १६ : १७ एप्रिल
बाकी १७ : ७ एप्रिल
बाकी १८ : २७ मार्च

तक्ता नुसता पाठ करून घेऊ नका, मुलांकडून तयार करून घ्या. १४ एप्रिलपासून सुरुवात. ११ वजा केले, ३ एप्रिल. पुन्हा ११ वजा, २३ मार्च. पुन्हा ११ वजा केले तर १२ मार्च, पण ती २१ मार्चच्या आधी गेली. म्हणून ३० मिळवले, ११ एप्रिल. असं शेवटपर्यंत जायचं.

वाटेत दोन ठिकाणी मुलं अडतात. बाकी ५ ला गणित १९ एप्रिल देतं, पण तक्त्यात १८ आहे. ही पौर्णिमा १८ एप्रिलच्या पुढे जाऊ द्यायची नाही असं बंधन आहे, म्हणून १९ आली की १८ घ्यायची. (बाकी ६ काढताना मात्र ११ दिवस मूळच्या १९ मधूनच वजा करायचे, म्हणजे ८ एप्रिल बरोबर येते.) पुढे बाकी १६ ला गणित १८ एप्रिल देतं. पण १८ तारीख बाकी ५ ला आधीच दिली आहे आणि एका चक्रात दोन वर्षांना एकच पौर्णिमा द्यायची नाही. म्हणून तिथे १७ एप्रिल. (बाकी १७ साठी पुन्हा मूळच्या १८ मधून ११ वजा, ७ एप्रिल.) सगळ्या तक्त्यात अपवाद हे एवढेच.

तिसरी गंमत चक्राच्या शेवटी आहे. बाकी १८ ला २७ मार्च. ११ वजा करून ३० मिळवले तर १५ एप्रिल येते, पण बाकी ० ची तारीख १४ एप्रिल आहे. एक दिवस गेला कुठे? मुलांना मोजू द्या. १९ वेळा ११ वजा केले तर २०९ दिवस मागे गेलो. ७ वेळा ३० मिळवले तर २१० दिवस पुढे आलो. एक दिवस जास्त झाला. तो फेडण्यासाठी शेवटच्या पायरीवर ११ ऐवजी १२ वजा करतात. जुन्या गणितज्ञांनी याला 'चंद्राची उडी' असं नाव दिलं आहे. ३० किती वेळा मिळवले हेही मोजायला सांगा. उत्तर ७ येतं. पंचांगातले १९ वर्षांतले ७ अधिक महिने ते हेच.

ज्यांना तक्त्यापेक्षा सूत्र आवडतं त्यांच्यासाठी :

प = (१९ × बाकी + २४) ÷ ३० ची बाकी
पौर्णिमा = २१ मार्च + प दिवस

११ वजा करणं आणि १९ मिळवणं हे ३० च्या हिशोबात सारखंच, म्हणून सूत्रात १९ ने गुणलं आहे. २४ हा सुरुवातीचा आकडा, कारण बाकी ० असताना पौर्णिमा २१ मार्चनंतर २४ दिवसांनी, म्हणजे १४ एप्रिलला. प २९ आला तर २८ घ्यायचा. प २८ आला आणि वर्षाची बाकी १० पेक्षा जास्त असेल, तर २७ घ्यायचा.

तिसरा भाग : वार

पौर्णिमेचा वार कळला की पुढचा रविवार सापडतो. जुनं कॅलेंडर हाताशी नसेल तर २१ मार्चचा वार असा काढा :

व = (२ + वर्षाचे शेवटचे दोन अंक + त्या दोन अंकांना ४ ने भागून येणारा पूर्ण भागाकार) ÷ ७ ची बाकी

रविवार ०, सोमवार १, असं करत शनिवार ६. सूत्रातला २ हा आकडा २००० ते २०९९ साठी आहे, कारण २१ मार्च २००० ला मंगळवार होता. साधं वर्ष गेलं की वार एकाने पुढे जातो, लीप वर्षात आणखी एकाने, म्हणून दोन अंकही मिळवायचे आणि त्यांचा चौथा हिस्साही.

मग व आणि प यांची बेरीज करून ७ ने भागायचं. जी बाकी येईल तो पौर्णिमेचा वार. ७ मधून ती बाकी वजा केली की रविवारपर्यंतचे दिवस मिळतात. बाकी ० आली, म्हणजे पौर्णिमाच रविवारी असेल, तर पूर्ण ७ दिवस मिळवायचे. नियमात 'पौर्णिमेनंतरचा रविवार' असं म्हटलं आहे. पौर्णिमेचा रविवार चालत नाही.

सोडवलेलं उदाहरण : २०२५

हे वर्ष मुद्दाम घेतलं आहे, कारण यात हीच अडचण येते.

१) २०२५ ÷ १९. १९ × १०६ = २०१४. बाकी ११.

२) १९ × ११ = २०९. २०९ + २४ = २३३. २३३ ÷ ३०, बाकी २३. पौर्णिमा = २१ मार्च + २३ दिवस = १३ एप्रिल. तक्त्यातही बाकी ११ समोर हीच तारीख आहे.

३) २१ मार्चचा वार : २ + २५ + ६ = ३३. ३३ ÷ ७, बाकी ५, म्हणजे शुक्रवार.

४) पौर्णिमेचा वार : ५ + २३ = २८. २८ ÷ ७, बाकी ०, म्हणजे रविवार.

५) पौर्णिमा रविवारी आहे, म्हणून ७ दिवस पुढे. १३ + ७ = २० एप्रिल २०२५.

त्या वर्षी हनुमान जयंती १२ एप्रिलला शनिवारी होती. नुसतं पंचांग बघून कोणी 'हनुमान जयंतीनंतरचा रविवार' धरला असता, तर १३ एप्रिल असं उत्तर आलं असतं आणि ते एक आठवड्याने चुकलं असतं. चर्चची पौर्णिमा १३ लाच आहे, म्हणून ईस्टर २० ला.

एकदा ईस्टर मिळाला की बाकीचे दिवस फक्त मोजायचे. दोन दिवस आधी गुड फ्रायडे, म्हणजे १८ एप्रिल. सात दिवस आधी झावळ्यांचा रविवार, १३ एप्रिल. ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, ५ मार्च, तिथून उपवासाचा काळ सुरू. गोव्याचा कार्निव्हल या बुधवारच्या आधीच्या चार दिवसांत असतो, म्हणून त्याची तारीखही शेवटी याच पौर्णिमेवर ठरते.

होळी की हनुमान जयंती?

आपल्या मुलांना पौर्णिमा सणांनी ओळखता येतात. तक्त्यातल्या तारखा २२ मार्च ते १८ एप्रिल या दरम्यान आहेत. त्यातल्या २२ ते २८ मार्चच्या पाच पौर्णिमा (बाकी २, ७, १०, १३ आणि १८) या आपल्या फाल्गुनी पौर्णिमा, म्हणजे होळीच्या. एप्रिलमधल्या पौर्णिमा चैत्राच्या, म्हणजे हनुमान जयंतीच्या.

म्हणून २०२४ मध्ये (बाकी १०) चर्चची पौर्णिमा २५ मार्चला होती आणि त्याच दिवशी आपल्याकडे धुळवड होती. ईस्टर पुढच्या रविवारी, ३१ मार्चला. हनुमान जयंती त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने, २३ एप्रिलला आली. याउलट २०२६ मध्ये (बाकी १२) पौर्णिमा २ एप्रिलची, त्याच दिवशी हनुमान जयंती आणि तीन दिवसांनी ५ एप्रिलला ईस्टर. घरातलं कॅलेंडर उघडून मुलं हे स्वतः पडताळून पाहू शकतात.

आकाश एक सांगतं, नियम दुसरं : २०१९

वरच्या वर्गातल्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावं.

२०१९ मध्ये होळी २० मार्चला आणि धुळवड २१ मार्चला होती. भारतीय वेळेनुसार वसंतसंपात २१ मार्चला पहाटे साडेतीनच्या सुमारास झाला आणि पौर्णिमेचा क्षण त्याच सकाळी सव्वासातच्या सुमारास. म्हणजे संपातानंतर चार तासांच्या आत पौर्णिमा. आकाशाचं ऐकलं असतं तर ईस्टर लगेचच्या रविवारी, २४ मार्चला यायला हवा होता.

आता नियमाने करू. २०१९ ÷ १९, बाकी ५. प = (९५ + २४) ÷ ३० ची बाकी = २९, पण अपवादामुळे २८. पौर्णिमा १८ एप्रिल. व : २ + १९ + ४ = २५, बाकी ४. ४ + २८ = ३२, बाकी ४, म्हणजे गुरुवार. रविवारपर्यंत ३ दिवस. ईस्टर २१ एप्रिल २०१९. तो प्रत्यक्षात याच दिवशी साजरा झाला.

चार आठवड्यांचा फरक का पडला? कारण चर्चची पौर्णिमा म्हणजे आकाशातली पौर्णिमा नाही, ती तक्त्यातली पौर्णिमा आहे. तक्त्याच्या हिशोबाने मार्चमधली पौर्णिमा २१ तारखेच्या अगदी आदल्या दिवशी, २० मार्चला झाली. ती नियमात बसली नाही म्हणून पुढची धरली. खऱ्या चंद्रापेक्षा तक्ता एखादा दिवस मागेपुढे असतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण पौर्णिमा सीमेवर आली की एका दिवसाचा महिना होतो.

मग आकाश पाहूनच तारीख का ठरवत नाहीत? कारण पौर्णिमा हा एक क्षण असतो. तो नांद्यात गुरुवारी सकाळी असेल तेव्हा अमेरिकेत बुधवारची रात्र असते. प्रत्येक देशाने आपापलं आकाश पाहिलं तर एकाच सणाच्या दोन तारखा होतील. तक्ता सगळ्यांना एकच उत्तर देतो आणि शंभर वर्षं आधी देतो. आपल्याकडेही एखादी तिथी दोन पंचांगांत वेगवेगळ्या दिवशी आली की काय गोंधळ होतो, हे पालकांना ठाऊक आहेच.

दुसऱ्या शतकातलं वर्ष असेल तर

वरचे २४ आणि २ हे आकडे सगळ्या शतकांना चालत नाहीत. इ. स. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारलं. तोपर्यंत जुन्या कॅलेंडरच्या चुकीमुळे खरा संपात ११ मार्चपर्यंत मागे सरकला होता. म्हणून ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरला आणि १७००, १८००, १९०० यांसारखी शतकवर्षं ४०० ने भाग जात नसेल तर लीप धरायची नाहीत असं ठरलं. त्या सुधारणेत चंद्राच्या तक्त्यालाही अधूनमधून एक दिवसाची दुरुस्ती दिली आहे. त्यामुळे आकडे असे बदलतात :

१६०० ते १६९९ : चंद्रासाठी २२, वारासाठी २
१७०० ते १७९९ : चंद्रासाठी २३, वारासाठी ०
१८०० ते १८९९ : चंद्रासाठी २३, वारासाठी ५
१९०० ते १९९९ : चंद्रासाठी २४, वारासाठी ३
२००० ते २०९९ : चंद्रासाठी २४, वारासाठी २
२१०० ते २१९९ : चंद्रासाठी २४, वारासाठी ०
२२०० ते २२९९ : चंद्रासाठी २५, वारासाठी ५

एक उदाहरण मराठी शाळेला ओळखीचं घेऊ. 'फुलांमुलांचे कवी' रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ ला झाला. त्यानंतरचा त्यांचा पहिला ईस्टर कधी आला?

१८९५ ÷ १९ : १९ × ९९ = १८८१, बाकी १४. प = (१९ × १४ + २३) ÷ ३० ची बाकी. २६६ + २३ = २८९, बाकी १९. पौर्णिमा २१ मार्च + १९ = ९ एप्रिल. व : ५ + ९५ + २३ = १२३, बाकी ४. ४ + १९ = २३, बाकी २, म्हणजे मंगळवार. रविवारपर्यंत ५ दिवस. ईस्टर १४ एप्रिल १८९५. बाप्तिस्म्यानंतर बरोबर नऊ आठवड्यांनी.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. हा हिशोब ग्रेगरी यांच्या कॅलेंडरचा आहे. इंग्लंडने ते १७५२ मध्ये स्वीकारलं, त्याआधीच्या इंग्रजी कागदपत्रांतला ईस्टर याने जुळणार नाही. ग्रीस, रशिया इथली ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुन्या कॅलेंडरने ईस्टर काढतात. २०२४ मध्ये त्यांचा ईस्टर ५ मे रोजी होता, तर २०२५ मध्ये दोन्ही हिशोब एकाच दिवशी, २० एप्रिलला आले.

उत्तर बरोबर आहे का, कसं ओळखाल?

ईस्टर २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलनंतर कधीच येत नाही. पौर्णिमा लवकरात लवकर २१ मार्चला आणि रविवार दुसऱ्याच दिवशी, तर २२ मार्च. पौर्णिमा उशिरात उशिरा १८ एप्रिलला आणि तोच रविवार, तर २५ एप्रिल. १८१८ साली ईस्टर २२ मार्चला आला होता, १९४३ साली २५ एप्रिलला. मुलाचं उत्तर या ३५ दिवसांच्या बाहेर गेलं की कुठेतरी चुकलं हे नक्की.

चुका बहुधा तीन जागी होतात. पहिली, बाकीऐवजी भागाकार घेणं. कॅलक्युलेटरवर २०२५ ÷ १९ केलं तर दशांश चिन्हानंतर आकडे दिसतात आणि मुलं त्यालाच बाकी समजतात. हा भागाकार वहीवर करायला लावा. दुसरी, मार्चचे ३१ दिवस विसरणं. '५१ मार्च' असं आलं तर ३१ वजा करून २० एप्रिल. कोणी ३० वजा केले की उत्तर २१ एप्रिल येतं आणि ते सोमवारी पडतं, लगेच पकडता येतं. तिसरी, पौर्णिमा रविवारी असताना ७ मिळवायचं राहून जाणं. ही चूक सर्वांत फसवी, कारण उत्तर रविवारचंच येतं. त्यासाठी एकच सवय लावा : ईस्टरची तारीख आणि पौर्णिमेची तारीख शेजारी लिहायची. दोन्ही सारख्या दिसल्या तर आठवडा राहिला.

सराव

१) भारत स्वतंत्र झाला त्या वर्षीचा, म्हणजे १९४७ चा ईस्टर काढा.
२) महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या वर्षीचा, १९६० चा ईस्टर काढा.
३) २०२७ मध्ये ईस्टर होळीनंतर येईल की हनुमान जयंतीनंतर? तारीख काढून सांगा.
४) २०३० चा ईस्टर काढा. (अपवाद सांभाळा.)
५) २०३८ चा ईस्टर काढा. त्या तारखेत विशेष काय?

उत्तरं : १) ६ एप्रिल. २) १७ एप्रिल. ३) बाकी १३, पौर्णिमा २२ मार्च, म्हणजे होळीनंतर, ईस्टर २८ मार्च. ४) बाकी १६, प २८ ऐवजी २७, ईस्टर २१ एप्रिल. ५) बाकी ५, पौर्णिमा १८ एप्रिल आणि तोच रविवार, ईस्टर २५ एप्रिल, म्हणजे शक्य असलेली सर्वांत उशिराची तारीख.

पाचवं उदाहरण झाल्यावर मुलांना आपापल्या जन्मवर्षाचा ईस्टर काढायला द्या. वर्गात दोन-तीनच वेगवेगळी वर्षं असतील, त्यामुळे मुलं एकमेकांची उत्तरं आपणहून तपासतात.